दोन वर्षांची मोजणी, दोन चक्रे

जानेवारी १८५५. क्रिमियाच्या युद्धात उतरलेल्या ब्रिटिश सैन्याची सरासरी संख्या त्या महिन्यात ३२,३९३ होती. जखमांमुळे ८३ जण दगावले. कॉलरा, हगवण, ताप अशा रोगांनी २,७६१ जण गेले. इतर कारणांनी ३२४. महिन्याच्या एका ओळीत बसणारे हे चार आकडे. अशा चोवीस ओळींचा एक तक्ता युद्ध संपल्यावर लंडनमध्ये तयार झाला आणि त्यातून वैद्यकाच्या इतिहासातली एक अत्यंत गाजलेली आकृती जन्माला आली. ती घडवणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला ठाऊक आहेत त्या हातात दिवा घेतलेल्या परिचारिका म्हणून. दिवा खराच होता. मात्र त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ कागद, रकाने आणि मृत्युदर यांच्या संगतीत गेला.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव त्यांना मिळाले. घर श्रीमंत इंग्रजाचे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची ओढ होती, आईला ती फारशी पसंत नव्हती. परिचारिका होण्याचा हट्ट तर घरात कोणालाच मानवला नाही. त्या काळी हे काम कुलीन मुलीचे समजले जात नसे. तरीही पहाटे उठून इस्पितळांचे सरकारी अहवाल वाचण्याचा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. पुढे जे घडले त्याची तयारी या अहवालांत झाली होती.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावर, स्कुटारीच्या बराकीत थाटलेल्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. इस्पितळाखालची गटारे तुंबलेली, हवा कोंदट, रुग्ण एकमेकांना खेटून जमिनीवर. क्रिमियातून बोटींनी येणारे सैनिक जखमी कमी आणि आजारी जास्त. हिवाळाभर मृत्यू वाढत गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले आरोग्य आयोगाचे पथक आले. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांनी गटारे उपसली, मेलेली जनावरे हलवली, भिंतींना चुना लावला, खिडक्या उघडल्या. त्यानंतरच्या महिन्यांत मृत्यू घटले.

नाइटिंगेल १८५६ च्या उन्हाळ्यात मायदेशी परतल्या तेव्हा त्या राष्ट्राच्या लाडक्या होत्या, पण मनाने अस्वस्थ. इतकी माणसे का गेली याचा हिशेब कोणी दिलेला नव्हता. सैनिक उपासमारीने आणि थकव्याने आधीच खंगून आले म्हणून वाचले नाहीत, असे त्या स्वतःही बराच काळ मानत. कागद तपासताना त्यांचे लक्ष अस्वच्छतेकडे वळले. म्हणजे ज्या इस्पितळात त्या रात्रंदिवस राबल्या, त्याच इमारतीचा या मृत्यूंत वाटा होता. हे त्यांना नेमके केव्हा उमगले आणि त्याचा त्यांच्या मनावर किती घाव बसला, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. पण लष्कराला आरोग्याच्या बाबतीत बदलायला लावायचेच, हा निश्चय या काळातला.

या कामात त्यांना साथ मिळाली डॉ. विल्यम फार यांची. इंग्लंडमधल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींची आकडेवारी तयार करणाऱ्या सरकारी कचेरीतले ते जाणकार होते आणि मूळचे वैद्यच. पहिली अडचण अगदी प्राथमिक होती. स्कुटारीत मृत्यूंच्या वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. एकाच रोगाला दोन डॉक्टर दोन नावे देत. आलेख काढण्याआधी आकडे एका मापात आणायला हवे होते. म्हणून सगळी कारणे तीन गटांत बसवली गेली: साथीचे व तत्सम रोग, जखमा आणि बाकीचे सर्व.

पुढची पायरी भागाकाराची. सप्टेंबर १८५४ मध्ये रोगांनी ७८८ सैनिक मेले आणि जून १८५५ मध्ये ८०२. हे आकडे शेजारी शेजारी उभे केले तर नऊ महिन्यांत काहीच सुधारले नाही, उलट थोडे बिघडले, असे कोणीही म्हणेल. पण सप्टेंबरमध्ये सैन्य ३०,२९० होते आणि जूनमध्ये ३८,८६३. म्हणून प्रत्येक महिन्याचे मृत्यू त्या महिन्याच्या सैन्यसंख्येने भागले, हजाराने गुणले आणि पुन्हा बाराने गुणले. हा बारा कशासाठी? महिन्याचा वेग वर्षभर तसाच राहिला असता तर हजारात किती गेले असते, हे कळावे म्हणून. त्या काळी गावांचे, शहरांचे मृत्युदर वर्षाच्या मापात छापले जात. एकाच मापात आणल्याशिवाय सैन्याची गाठ त्या शहरांशी घालता आली नसती. हे गणित केल्यावर सप्टेंबर १८५४ चा दर येतो हजारी ३१२ आणि जून १८५५ चा हजारी २४८. आता उतार दिसतो.

जानेवारी १८५५ चा रोगांचा दर याच हिशेबाने हजारी १,०२३ निघतो. हजारात हजारांहून जास्त! पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा छापखान्याचा दोष वाटावा. अर्थ इतकाच की त्या महिन्याचा वेग टिकला असता तर वर्षाच्या आत नवी भरती जमेस धरूनही एका पूर्ण सैन्याइतकी माणसे केवळ रोगांनी संपली असती. असा आकडा जिथे छापायचा तिथे तो कसा काढला हे सांगावेच लागते. नुसता ‘मृत्युदर’ असा मथळा दिला तर वाचक त्याला टक्केवारी समजेल किंवा चूक समजेल.

आता प्रश्न आला, दाखवायचे कसे? फार यांचा कल साधेपणाकडे होता. आकडेवारीचे लिखाण जितके कोरडे तितके चांगले, असे त्यांचे मत. नाइटिंगेल यांचे गणित वेगळे होते. त्यांचे वाचक होते मंत्री, सेनापती, खासदार आणि राणी व्हिक्टोरिया. ही मंडळी तक्त्यांची पाने उलटून पुढे जातात, हे त्यांना पक्के माहीत होते. जे कानांवाटे पोहोचत नाही ते डोळ्यांवाटे पोहोचवायचे, हा त्यांचा विचार.

गंमत म्हणजे त्यांनी सर्व आकड्यांना एकच आकार दिला नाही. शांततेच्या काळात इंग्लंडमध्येच बराकीत राहणारे सैनिक आणि त्याच वयाचे नागरी पुरुष यांची तुलना करताना त्यांनी साध्या आडव्या पट्ट्या वापरल्या. २० ते २५ वयाच्या गटात नागरिक हजारी ८.४ मरत होते आणि सैनिक १७. पुढच्या गटात ९.२ आणि १८.३. त्यापुढे १०.२ आणि १८.४. ३५ ते ४० मध्ये ११.६ आणि १९.३. प्रत्येक वयोगटात एका पट्टीखाली दुसरी, जवळपास दुप्पट लांबीची. इथे दोनच समूह आहेत, चारच वयोगट आहेत आणि विचारायचे एवढेच आहे की कोण जास्त मरते. लांबीची तुलना डोळा सर्वांत अचूक करतो, त्यामुळे पट्ट्या योग्य होत्या. वयोगट वेगळे ठेवणेही महत्त्वाचे होते. सगळे नागरिक एकत्र धरले असते तर त्यांत म्हातारे आले असते, तान्ही मुले आली असती, आणि तुलनाच खोटी ठरली असती. शिवाय सैनिक हे भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीतून निवडलेले धडधाकट तरुण. त्यांचा दर नागरिकांपेक्षा कमी असायला हवा. तो दुप्पट आहे, यातच आरोप होता आणि बराकीतल्या हवा-पाण्याकडे बोट होते.

युद्धाच्या चोवीस महिन्यांसाठी मात्र त्यांनी वर्तुळ निवडले. घड्याळाच्या तबकडीसारखे बारा समान भाग, प्रत्येक भाग एका महिन्याचा, आणि जितका मृत्युदर जास्त तितकी ती पाकळी बाहेर पसरलेली. फार यांनी कॉलऱ्यावरच्या १८५२ च्या अहवालात गोल आकृत्या वापरल्या होत्या, म्हणजे कल्पना अगदी नवी नव्हती. नाइटिंगेल यांच्या आकृतीत दोन चक्रे होती. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, डावीकडे एप्रिल १८५५ ते मार्च १८५६. दोन्ही चक्रांत एप्रिल डाव्या हाताला सुरू होतो, त्यामुळे एकाच महिन्याची पाकळी दोन्हीकडे एकाच दिशेला येते. जानेवारीची तुलना जानेवारीशी आपोआप होते. थंडीत मृत्यू जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असा ऋतूचा आक्षेप घेणाऱ्याला हे उत्तर तिथेच मिळते: जानेवारी १८५५ मध्ये रोगांचा दर हजारी १,०२३, जानेवारी १८५६ मध्ये ११. सरळ रेषेच्या आलेखात हे दोन जानेवारी एकमेकांपासून बारा घरे दूर पडले असते.

पण वर्तुळात एक सापळा असतो आणि सुरुवातीच्या आकृतीत नाइटिंगेल त्यात सापडल्या. तिथे केंद्रापासूनचे अंतर, म्हणजे त्रिज्या, मृत्युदराच्या प्रमाणात ठेवली होती. महिन्यांची टोके रेषेने जोडल्यावर आकृती वटवाघळाच्या पंखासारखी दिसू लागली. दोष असा की पाहणारा त्रिज्या मोजत नाही, रंगवलेला पसारा पाहतो आणि पसारा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. जानेवारी १८५५ मध्ये जखमांचा दर हजारी ३०.७ होता. रोगांचा दर त्याच्या तेहतीस पट. त्रिज्या तेहतीस पट केली की क्षेत्रफळ सुमारे अकराशे पट होते. खरे अंतर इतके मोठे असताना ते आणखी फुगवण्याची गरजही नव्हती, आणि विरोधकाच्या हाती आयते कोलीत गेले असते. पुढच्या आकृतीत त्यांनी हे सुधारले. आता पाकळीचे क्षेत्रफळ दराच्या प्रमाणात होते.

ही दुरुस्ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. सगळ्या पाकळ्यांचा कोन सारखाच असल्यामुळे दराचे वर्गमूळ काढायचे आणि तेवढी त्रिज्या घ्यायची. जानेवारी १८५५ साठी रोगांच्या १,०२३ चे वर्गमूळ जवळजवळ ३२, इतर कारणांच्या १२० चे ११ आणि जखमांच्या ३०.७ चे साडेपाच. म्हणजे ३२, ११ आणि साडेपाच मिलिमीटरच्या तीन पाकळ्या, एकाच केंद्रातून काढलेल्या, एकावर एक. आता क्षेत्रफळे बरोबर आहेत. मात्र याचीही किंमत आहे. क्षेत्रफळाचा अंदाज घेण्यात डोळा कच्चा. बरेच जण नकळत लांबीच पाहतात, आणि त्यांना ३२ विरुद्ध साडेपाच, म्हणजे जेमतेम सहापट फरक दिसतो. खरा फरक तेहतीस पटींचा. जानेवारी १८५६ ची ११ दराची पाकळी ३.४ मिलिमीटरची होते. नव्वद पटींचा फरक लांबीत साडेनऊ पटच उरतो. म्हणजे प्रामाणिकपणे काढलेले हे चक्र नाइटिंगेल यांच्या म्हणण्याला बळ देण्याऐवजी काहीसे मवाळ करते. उभ्या स्तंभांच्या आलेखात १,०२३ साठी दहा सेंटिमीटरचा स्तंभ काढला तर ११ साठी एक मिलिमीटरची रेघ उरली असती. आज कोणी हाच तक्ता आणून दिला तर बहुधा स्तंभ किंवा रेषाच सुचवावी लागेल.

आकृतीवरच्या नावांकडे मात्र आजही शिकण्यासारखे पाहता येते. निळा रंग साथीच्या व तत्सम रोगांचा, लाल जखमांचा, काळा बाकीच्या कारणांचा. निळ्या रंगाला त्यांनी नुसते ‘रोग’ म्हटले नाही. टाळता येण्याजोगे किंवा निदान सौम्य करता येण्याजोगे रोग, असे नाव दिले. त्या एका विशेषणात सगळा वाद होता. लष्करी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांतले अनेक जण हे मृत्यू युद्धात अटळच असतात असे मानत. वाचक निळा पसारा पाहतो आणि त्याच क्षणी हे टाळता आले असते हेही वाचतो. इथे जरा सावध राहायला हवे. आकडे फक्त किती मेले ते सांगत होते. ते टाळता आले असते हा नाइटिंगेल यांचा निष्कर्ष होता, आणि तो त्यांनी रंगाच्या नावातच घातला. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून ही गोष्ट खटकत नाही. जंतूंची कल्पना तेव्हा रुळलेली नव्हती आणि रोग दूषित हवेने होतात असेच त्याही मानत होत्या, पण गटार उपसण्याचा उपाय दोन्ही समजुतींत लागू पडतो.

आकृतीच्या कोपऱ्यात त्यांनी वाचनाची रीतही लिहून ठेवली. तिन्ही रंगांच्या पाकळ्या केंद्रापासूनच मोजायच्या, हे त्यांनी स्पष्ट केले. ते सांगितले नसते तर निळा पट्टा लाल पट्ट्याच्या बाहेर सुरू होतो असे समजून वाचकाने फक्त दिसणारा भाग मोजला असता. ऑक्टोबर १८५४ मध्ये जखमा आणि इतर कारणे यांचे दर जवळजवळ सारखे होते, ५१.७ आणि ५०.१. दोन कडा एकमेकींवर पडत होत्या. तेही त्यांनी टिपेत नोंदवले. सप्टेंबर १८५५ मध्ये, सेबास्टोपोलवरच्या अखेरच्या हल्ल्याच्या महिन्यात, लाल पाकळी निळ्याबाहेर आली, ६९ विरुद्ध ४८. चोवीसपैकी हा एकच महिना असा, ज्यात शत्रूने रोगांपेक्षा जास्त माणसे मारली. इंकरमनच्या भीषण लढाईच्या नोव्हेंबर १८५४ मध्येसुद्धा जखमांनी २८७ आणि रोगांनी ८४४ गेले होते.

त्यांच्या काही गोल आकृत्यांत मँचेस्टर शहराचा मृत्युदर दाखवणारे एक वर्तुळही होते. मँचेस्टर तेव्हा इंग्लंडमधल्या रोगट शहरांपैकी एक. उत्तम आरोग्याच्या गावाशी तुलना केली असती तर सेनापती म्हणाले असते, छावणीची बरोबरी खेड्याशी कशी करता? मँचेस्टरच्या घाणीपेक्षाही छावणी वाईट, म्हटल्यावर बोलायला जागा उरली नाही.

दोन चक्रांमध्ये केलेली विभागणी तेवढी निर्विवाद नाही. पहिले चक्र मार्च १८५५ ला संपते, नेमके आरोग्य आयोग कामाला लागला तेव्हा. बघणाऱ्याला वाटते, आयोग आला आणि मृत्यू घटले. पण महिन्यांचे आकडे पाहिले तर उतार आधीच लागलेला दिसतो. जानेवारीत १,०२३, फेब्रुवारीत ८२३, मार्चमध्ये ४८०. थंडी ओसरत होती, अन्न आणि कपडे पोहोचू लागले होते. म्हणून सगळे श्रेय गटार उपसण्याला देता येत नाही. दुसऱ्या बाजूने, १८५५-५६ चा दुसरा हिवाळा आला आणि मृत्यू पुन्हा चढले नाहीत, ही गोष्ट फक्त ऋतूने समजावता येत नाही. त्यात स्वच्छता किती, रसद किती आणि थांबलेली लढाई किती, हे या तक्त्यातून वेगळे काढता येत नाही. आकृतीत तर ते मुळीच दिसत नाही.

सैन्याच्या आरोग्यावरच्या शाही आयोगाचा अहवाल १८५८ मध्ये आला. नाइटिंगेल यांनी आकृत्यांच्या प्रती स्वतंत्रपणे छापून नेमक्या माणसांपर्यंत पोहोचवल्या. त्यांची स्वतःची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. बरेचसे काम अंथरुणातून किंवा कोचावरून चाले. बराकी आणि लष्करी इस्पितळे सुधारली जाऊ लागली, लष्कराच्या वैद्यकीय खात्यात आकडेवारीची स्वतंत्र शाखा झाली आणि १८६० मध्ये लष्करी वैद्यकशाळा सुरू झाली. १८५८ मध्येच लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री.

त्यानंतर त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. इथे त्या कधीच आल्या नाहीत. छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या गेल्या: पाणी कुठून येते, गटारे कुठे जातात, माणशी जागा किती. उत्तरांचे ढीग लंडनला पोहोचले. १८६३ च्या अहवालात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ दिला होता. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, तो १८ वर आल्याचे त्यांनी मांडले. हे आकडे गोऱ्या सैनिकांचे होते. छावणीच्या तारेपलीकडच्या वस्तीत किती माणसे मरत, हे मोजल्याशिवाय छावणी निरोगी होणार नाही हेही त्यांना दिसत होते, आणि हिंदुस्थानी गावांच्या पाण्या-गटारांसाठी त्या पुढची अनेक वर्षे व्हाइसरॉयांना आणि अधिकाऱ्यांना पत्रे पाठवत राहिल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला गेला, तो नातेवाइकांनी नाकारला. ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात घराण्याच्या थडग्यात त्यांना पुरले. दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आहेत, जन्माची तारीख आणि मृत्यूची.